एआरटी कार्डावरच्या हाताने लिहिलेल्या नोंदी भेटवार तक्त्यात कशा उतरवायच्या?

नोंदवही

जुनी एआरटी कार्डं, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराची कार्डं, संगणकावर चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. कार्डावर एका भेटीला एक ओळ असते. तारीख, वजन, शिल्लक गोळ्या, दिलेल्या गोळ्या, अ‍ॅडहिअरन्सची म्हणजे गोळ्या नेमाने घेण्याची टक्केवारी, व्हीएल म्हणजे व्हायरल लोड, रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आणि शेवटी शेऱ्यासाठी बोटभर जागा. सूचना एवढीच की ओळ जशी आहे तशी तक्त्यात टाका. पण टाकल्यावर तक्ता भलतंच बोलायला लागतो. एक कार्ड खाली देते. नाव, नंबर काढलेत. तारखा सगळ्या सारख्याच दिवसांनी सरकवल्यात, त्यामुळे भेटींमधलं अंतर खरं आहे.

१० जानेवारी २०२३: वजन ५१.५, शिल्लक ०, दिल्या ९०
१८ एप्रिल: वजन ५०, शिल्लक ६, दिल्या ९०, ९३%, व्हीएल 'पाठवला'
१७ जुलै: वजन ४८.५, शिल्लक ३, दिल्या ३०, ९७%, व्हीएल २४००, शेरा 'खोकला, थुंकी पाठवली, समुपदेशन'
१६ ऑगस्ट: वजन ४३.५ की ४८.५ कळत नाही, शिल्लक ३, दिल्या 'टीएलडी ३० + डीटीजी ३०', १००%, शेरा 'टीबी औषध सुरू'
१५ सप्टेंबर: वजन ४९, शिल्लक '३/११', दिल्या ३० + ३०, १००%, कारण ३, शेरा 'रात्री – घरी पाहुणे'
१६ ऑक्टोबर: वजन ५०.५, शिल्लक '२/१०', दिल्या ३० + ३०, व्हीएल 'पाठवला'
१५ नोव्हेंबर: वजन ५१, व्हीएलच्या चौकटीत आडवी रेघ

बाई रोज एक टीएलडी घेतात, म्हणजे एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी. माझा प्रश्न मुख्यतः जुलैच्या ओळीबद्दल आहे. तिथे अ‍ॅडहिअरन्स ९७ टक्के आणि व्हायरल लोड २४००. तक्ता त्यांना 'गोळ्या नीट घेतात तरी विषाणू वाढलेला' या यादीत टाकतो. हे बरोबर आहे का? आणि बाकीच्या ओळी कशा लिहू?

फोटोवाला

यात एवढं काय आहे? मोबाईलवर स्कॅनचं एखादं अ‍ॅप घ्या, कार्डाचे फोटो काढा, अक्षर ओळखून थेट एक्सेल मिळतं. आमच्या दुकानाची उधारीची वही मी तशीच चढवली. हाताने टंकत बसायचे दिवस गेले.

नोंदवही

अक्षर लागत नाही ही तक्रार नाहीये हो. बहुतेक सगळं वाचता येतं. वाचलेलं कुठल्या रकान्यात आणि कुठल्या तारखेला टाकायचं हा प्रश्न आहे. शिवाय ही एचआयव्हीची कार्डं आहेत. त्यांचे फोटो कुणाच्याही मोबाईलमध्ये किंवा अ‍ॅपच्या सर्व्हरवर जाणं चालणारच नाही.

सदू_सरळ

मी डेटाबेसवाला आहे, औषधातलं फार कळत नाही, पण गणित सोपं दिसतंय. दिलेल्या वजा शिल्लक, भागिले दिलेल्या. एप्रिलला ८४ भागिले ९०, म्हणजे ९३. जुलैला ८७ भागिले ९०, म्हणजे ९७. कार्डावरचे आकडे जुळतात, म्हणजे नोंदी चोख आहेत. तेव्हा तक्ता सांगतोय ते खरं मानायला हरकत नाही. गोळ्या नीट घेऊनही २४०० असेल तर औषधाला दाद मिळत नाहीये. व्हीएल 'पाठवला' आणि रेघ या दोन्हींच्या जागी ० टाका, नाहीतर पुढे सरासरी काढताना सूत्र अडतं.

अभया

सदू, गणित जुळतंय खरं, पण भाजक चुकीचा आहे. बरीच वर्षं एआरटी केंद्रात समुपदेशन केलंय, ही टक्केवारी मी हजारदा अशीच काढलेली पाहिली आहे.

१० जानेवारी ते १८ एप्रिल किती दिवस झाले? ९८. बाई ९० गोळ्या घेऊन गेल्या आणि आठ दिवस उशिरा आल्या. उशिरा येऊनही डबीत ६ उरल्या होत्या. म्हणजे ९८ दिवसांत ८४ गोळ्या पोटात गेल्या, चौदा दिवस कोरडे गेले. ८४ भागिले ९८, म्हणजे ८६ टक्के. कार्डावर ९३ आहे, कारण कुणीतरी दिलेल्या गोळ्यांनी भागलं आणि मधले दिवस मोजलेच नाहीत. माणूस जितका उशिरा येतो तितकं हे सूत्र त्याला जास्त झाकतं. म्हणून तक्त्यात छापील टक्केवारीवर विसंबू नका. ती कार्डावरचा आकडा म्हणून एका रकान्यात राहू दे, आणि तुम्ही दोन भेटींमधल्या दिवसांवरून वेगळी काढा.

आता जुलै. सगळी गोम इथे आहे. १७ जुलैच्या ओळीत २४०० लिहिलंय, पण ते रक्त कधी काढलं? एप्रिलच्या ओळीत 'पाठवला' आहे. जुलैत फक्त रिपोर्ट हातात आला. म्हणजे २४०० हा १८ एप्रिलचा विषाणू आहे, ८६ टक्क्यांच्या मागचा. जुलैच्या ९७ टक्क्यांशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही ओळ सरळ उचललीत की दोन वेगळ्या काळांचे आकडे शेजारी बसतात आणि औषध हरल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात गोष्ट अशी की गोळ्या चुकत होत्या, विषाणू वर आला, आणि वजन दीड किलोने उतरलं होतं.

सदू_सरळ

अच्छा. म्हणजे एका ओळीत तीन काळ आहेत. वजन त्या दिवसाचं, शिल्लक गोळ्या मागच्या भेटीपासून आजपर्यंतच्या, आणि व्हीएल कधीच्यातरी जुन्या रक्ताचा. मग ओळीला एक नोंद न म्हणता प्रत्येक आकड्याला त्याचा काळ लावायचा. असं काहीतरी:

```
visit_date,field,raw,value,from,to
2023-04-18,weight,50,50.0,2023-04-18,2023-04-18
2023-04-18,tld_left,6,6,2023-01-10,2023-04-18
2023-07-17,vl,2400,2400,2023-04-18,2023-04-18
```

`visit_date` म्हणजे कार्डावर ते कुठल्या ओळीत सापडलं, `from` आणि `to` म्हणजे ते खरं कुठल्या काळाचं. `raw` मध्ये कार्डावर जे दिसतं ते अक्षरशः.

अभया

हे आवडलं. `raw` रकाना कधीही पुसू नका. आणि तुमचा तो शून्याचा सल्ला मात्र मागे घ्या. व्हीएलच्या चौकटीत ० टाकलंत तर तक्ता म्हणेल विषाणू नाही. 'पाठवला' म्हणजे निकाल माहीत नाही, रकाना रिकामा. लॅब '<२०' किंवा '<५०' लिहिते, कधी टीएनडी, म्हणजे विषाणू सापडला नाही, असं लिहिते. तेही ० नाही आणि २० किंवा ५० पण नाही. मजकूर तसाच ठेवा, शेजारी 'मोजमापाच्या खाली' अशी खूण करा. वेगवेगळ्या यंत्रांची खालची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे ही चिन्हं काढून आकडे उरवले तर कुणाचा व्हायरल लोड २० वरून ५० वर 'वाढलेला' दिसायला लागतो.

सदू_सरळ

शून्य मागे घेतलं. पण जुलैच्या ९७ टक्क्यांचं काय? १८ एप्रिल ते १७ जुलै बरोबर ९० दिवस आहेत. दिल्या ९०, उरल्या ३, तिथे तरी कार्ड बरोबर ना?

अभया

आदल्या भेटीत उरलेल्या ६ कुठे गेल्या? त्या धरल्या तर हातात ९६ होत्या. ३ उरल्या म्हणजे ९३ गेल्या. ९० दिवसांत ९३, म्हणजे १०३ टक्के. रोज एकच गोळी असताना १०३ टक्के म्हणजे कुठेतरी काहीतरी चुकतंय. एखाददुसरी गोळी इकडेतिकडे होतेच, कारण कुणी त्या दिवसाची गोळी खाऊन येतं आणि कुणी घरी जाऊन खातं. तीनसाठी मी विचारपूस केली असती.

खिडकी_दोन

मी औषधाच्या खिडकीत बसतो म्हणून सांगतो. आमच्यापैकी काहीजण उरलेल्या ६ बघून ८४ मोजून देतात आणि कार्डावर सवयीने ९० लिहितात. म्हणजे एकूण ९० व्हाव्यात हा हिशेब. तसं असेल तर हातात ९० होत्या, ८७ घेतल्या, आणि ९७ टक्केच खरे. औषधाच्या रजिस्टरमध्ये त्या तारखेला किती निघाल्या ते बघा, कार्डावरून कळणार नाही. सीलबंद डबीच दिली असेल तर मात्र ९०च.

सकाळचे_आठ

एरवी वाचतो फक्त, आज लिहावंसं वाटलं. मी स्वतः ही गोळी घेतो, बरीच वर्षं झाली. सुरुवातीला ज्या केंद्रात जायचो तिथे शिल्लक जास्त निघाली की सगळ्यांसमोर बोलणी बसायची. मग मी काय करायचो, निघायच्या आधी डबीतल्या जास्तीच्या गोळ्या कागदात बांधून कपाटात ठेवायचो. दोन-तीन उरवायचो, कारण अगदी शून्य नेलं तर संशय येतो. कार्डावर माझे ९५च्या वर टक्के लागायचे. व्हायरल लोड आला तेव्हा भांडं फुटलं. पुढे दुसऱ्या केंद्रात गेलो, तिथल्या ताईंनी डबीकडे न बघता आधी विचारलं, 'गेल्या चार दिवसांत कुठली चुकली?' तेव्हा कुठे खरं सांगितलं.

त्यामुळे तुमच्या त्या '३ शिल्लक'वर माझा फार विश्वास नाही. बाईंबद्दल वाईट बोलायचं नाही, पण मीही तेच करायचो.

अभया

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या अनुभवात, शिल्लक जास्त असेल तर ती बहुतेक खरी असते. शिल्लक अगदी बेताची असेल तर ती खरी असेलच असं नाही. म्हणून १०३ला कापून १०० करू नका, नोंदवही. १०३ तसाच दिसू दे, शेजारी 'रजिस्टर पाहणे' असं लिहा.

नोंदवही

आमच्याकडे औषधाचं रजिस्टर आहे, पण त्या तिमाहीची पानं ओली होऊन चिकटली आहेत. म्हणजे ९७ की १०३ हे बहुधा कळणार नाही. दोन्ही शक्यता टिपेत लिहिते.

आणि १० जानेवारीचं शिल्लक ०? हे आधीचं कार्ड भरल्यावर काढलेलं नवीन कार्ड आहे.

खिडकी_दोन

मग ते ० खरं शून्य आहे की 'डबी आणली नाही' हे आधीच्या कार्डाच्या शेवटच्या ओळीवरून बघा. घरी ५ उरल्या असतील तर एप्रिलपर्यंत ८९ घेतल्या, म्हणजे ८६ ऐवजी ९१ टक्के होतात. 'आणली नाही' ला आमच्याकडे कुणी ० लिहितं, कुणी रेघ मारतं.

सदू_सरळ

सप्टेंबरचं '३/११' काय आहे? मी आधी तारीख समजलो. ३ नोव्हेंबर.

खिडकी_दोन

दोन डब्या आहेत. टीएलडीच्या ३ उरल्या, डीटीजीच्या ११. टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं, ते डोल्युटेग्राव्हिर, म्हणजे डीटीजी, शरीरातून लवकर बाहेर काढतं. म्हणून टीएलडीच्या गोळीतल्या ५० मिलिग्रॅमखेरीज आणखी ५० मिलिग्रॅमची सुटी गोळी बारा तासांनी द्यायची. बाई सकाळी टीएलडी घेत असतील तर ही रात्रीची.

म्हणजे १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर, ३० दिवस. टीएलडी हातात ३३, उरल्या ३, घेतल्या ३०. शंभर टक्के. डीटीजी दिल्या ३०, उरल्या ११, घेतल्या १९. त्रेसष्ट टक्के! कार्डावर सिस्टरांनी टीएलडीचेच १०० लिहिलेत.

सदू_सरळ

दोन्हींची बेरीज केली तर ४९ भागिले ६०, साधारण ८२ टक्के येतात. एकच आकडा हवा असेल तर हा घ्यायचा का?

अभया

नको. ८२ म्हटलं की वाटतं अधूनमधून गोळ्या चुकतात. इथे तसं नाहीये. सकाळची एकही चुकत नाही, रात्रीची अकरा वेळा चुकली. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येक औषधाची वेगळी ओळ करा, आणि 'रोज किती' हाही प्रत्येक भेटीत नोंदवा, एकदाच वर लिहून सोडू नका. ही जादा गोळी टीबीचं औषध थांबल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची असते, त्यामुळे तिची थांबण्याची तारीख टीबीच्या कार्डावरून उचलून तशीच तक्त्यात टाकली तर शेवटच्या दोन आठवड्यांचा हिशेब बिघडेल.

नोंदवही

कारणाच्या चौकटीत ३ आहे. आमच्या कार्डामागच्या यादीत ३ म्हणजे 'विसरले'. पण शेऱ्यात 'रात्री – घरी पाहुणे'. मी काय धरू?

सकाळचे_आठ

विसरल्या नाहीत हो त्या. सकाळी सगळे उठायच्या आत गोळी घेता येते. रात्री घर भरलेलं असताना डबी काढली की कुणीतरी विचारतंच, कसली गोळी म्हणून. सिस्टरांनी विचारलं की 'विसरले' म्हणणं सोपं पडतं.

अभया

मलाही तसंच वाटतं. ऑक्टोबरची ओळ बघा. १५ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर ३१ दिवस, डीटीजी हातात ४१, उरल्या १०, घेतल्या ३१. एकही चुकली नाही. मधे कुणीतरी बाईंशी नीट बोललेलं दिसतंय, वेळ बदलली असेल किंवा गोळी ठेवायची जागा. नुसतं 'विसरले' एवढंच असतं तर एका महिन्यात इतका फरक पडला असता का, मला शंका आहे.

सदू_सरळ

हे सगळं तुम्ही अनुभवावरून म्हणताय, पटतंय. पण टंकणाऱ्याने कार्डावरच्या ३ चं दुसरं काही करायचं का? उद्या दुसरा कुणी 'पाहुणे'चा अर्थ 'प्रवास' लावेल. 'पाहुण्यांकडे गेल्या' असाही होतोच की. ३ हा ३ राहू दे, शेरा अक्षरशः लिहा, अर्थ लावायचा रकाना डॉक्टरांसाठी वेगळा ठेवा.

अभया

तो वेगळा रकाना भरायला कुणाला वेळ नसतो, हे मी पाहिलंय. मग अहवालात फक्त ३ मोजला जातो आणि केंद्रभर 'विसरणे' हेच पहिलं कारण दिसतं. मग आठवणीचे मेसेज पाठवायचा ठराव होतो, आणि मेसेज वाजतो भरल्या घरात. माझं मत, शेरा आणि आकडा विसंगत असतील तर तशी खूण टंकणाऱ्यानेच करावी. अर्थ लावू नये, पण खूण करावी.

सदू_सरळ

खूण करायला माझी ना नाही. आकडा बदलायला आहे.

नोंदवही

ठीक, खूण करते, आकडा तसाच. ऑगस्टच्या वजनाचं मी असं करतेय: `raw` मध्ये '४३.५ किंवा ४८.५', पुढचा रकाना रिकामा. जुलैत ४८.५ आणि सप्टेंबरात ४९ असताना मधे ४३.५ होणं अवघडच, पण टीबी लागलेला असल्यामुळे अगदीच अशक्य म्हणवत नाही.

खिडकी_दोन

टीबीच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. टीबीच्या कार्डावर सुरुवातीचं वजन नक्की लिहिलेलं असेल, तिथून ताडून बघा.

नोंदवही

हे सुचलं नव्हतं, बघते. आता शेवटची शंका. नोव्हेंबरच्या व्हीएलमधली रेघ. ऑक्टोबरचा निकाल आलाच नाही, की विषाणू सापडला नाही?

सदू_सरळ

वजन वाढतंय, गोळ्या शंभर टक्के. सापडला नसणार.

अभया

शक्यता चांगली आहे, पण ती तक्त्यात लिहायची नाही. जुलैत समुपदेशन झालं, तीन महिन्यांनी ऑक्टोबरात पुन्हा रक्त पाठवलं, म्हणजे हीच ती तपासणी जिच्यावरून औषध बदलायचं की नाही ते ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात १००० ही रेघ आहे. निकाल त्याच्या वर असेल तर पुढचा निर्णय पूर्ण वेगळा होतो, आणि त्यातही सप्टेंबरातले ते अकरा डोस डॉक्टरांना दिसायला हवेत. 'निकाल प्रलंबित' लिहा. ऑक्टोबरच्या ओळीत सॅम्पलचा लॅब नंबर आहे का? असेल तर लॅबच्या यादीत शोधा.

नोंदवही

नंबर आहे, अगदी कडेला लिहिलाय. शेवटचा अंक १ आहे की ७ ते कळत नाहीये. लॅबला दोन्ही नंबर कळवते आणि सॅम्पलची तारीख १६ ऑक्टोबरशी जुळते तोच धरते.

खिडकी_दोन

तारखेबरोबर वयही जुळवून घ्या. एका दिवसात बरेच सॅम्पल जातात, दोन्ही नंबर त्याच तारखेचे निघाले तर पंचाईत.